कोव्हिडची जोखीम वाढवणारा तुकडा नियांडरथलचा, आणि आपल्याकडेच जास्त?

सातारी_तर्री: फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आलाय की कोव्हिड गंभीर करणारा डीएनए नियांडरथल या नामशेष झालेल्या आदिमानवांकडून आलाय आणि तो दक्षिण आशियातल्या निम्म्या लोकांत आहे. दोन प्रश्न. एक, पन्नास हजार वर्षांपूर्वी कोणी कोणाशी संसार केला हे आज कसं कळतं? दोन, आपल्याकडे एवढी माणसं गेली ती यामुळे का?

खवचट_कावळा: दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. नाही. आणि पहिल्याबद्दल पण मला शंका आहे. आपण आणि नियांडरथल साडेपाच लाख वर्षांपूर्वी एकाच पूर्वजापासून फुटलो. मग एखादा तुकडा दोघांत सारखा दिसला तर तो त्या जुन्या पूर्वजाकडूनच दोघांकडे आला असेल ना? मला माझ्या चुलतभावासारखं नाक आहे म्हणजे मी त्याच्याकडून घेतलं असं थोडंच आहे, आजोबांचं होतं.

रेवा७९: शंका अगदी बरोबर आहे कावळेसाहेब, आणि हा अभ्यास करणाऱ्यांना पण हीच भीती असते. पण ती तपासता येते, आणि तपासायचं माप म्हणजे तुकड्याची लांबी.

गोधडी डोळ्यासमोर आणा. प्रत्येक पिढीत आईबाबांच्या दोन गोधड्या कापून, उलटसुलट जोडून नवी शिवली जाते. जुन्या लुगड्याचा मोठा तुकडा जसजशा पिढ्या जातात तसा लहान लहान होत जातो. म्हणून एखादा तुकडा अजून मोठा राहिला असेल तर तो अलीकडे आलाय, आणि चिंधी झाला असेल तर फार जुना. हे सगळं या एका तुकड्यावर मोजूनच दाखवते.

तो क्रोमोसोम ३ वर आहे, लांबी साधारण डीएनएची ४९,४०० अक्षरं. त्या भागात कापाकापी जरा हळू होते, दर दहा लाख अक्षरांमागे एका पिढीत अर्ध्या टक्क्याहून जरा जास्त, ०.५३. म्हणजे आपला तुकडा एका पिढीत मध्येच तुटायची शक्यता ३,८०० मध्ये एक. आता जर तो ५० हजार वर्षांपूर्वीच्या संबंधातून आला असेल तर पिढी २९ वर्षांची धरून मधे झाल्या १,७०० पिढ्या. एवढ्या काळात तो सरासरी अर्ध्या वेळेला पण तुटत नाही. अख्खा सापडला तर नवल काही नाही.

पण जर आजोबांचं नाक असेल, म्हणजे साडेपाच लाख वर्षांपूर्वीपासून दोन्ही घरात वेगवेगळा चालत आला असेल, तर आपल्या बाजूची साडेपाच लाख आणि ज्या नियांडरथलशी आपण ताडून बघतोय त्याच्या बाजूची पाच लाख अशी दोन्ही मोजायची. ३६ हजार पिढ्या. त्यात तुकडा नऊ-साडेनऊ वेळा तुटायला हवा होता, पाच-दहा हजार अक्षरांची चिंधी उरायला हवी होती. तरी तो सगळा सलग उरेल याची शक्यता झेबर्ग आणि पॅबो या संशोधकांनी २०२० च्या पेपरात काढलीय, ०.०००९. हजारात एक पण नाही.

खवचट_कावळा: आकडे छान आहेत पण सगळं त्या अर्ध्या टक्क्यावर उभं आहे. तो दर त्याच ठिकाणी याहून कमी असेल तर? हे कापायचे नकाशे पण अंदाजानेच काढलेले असतात.

रेवा७९: मान्य. जीनोमचा सरासरी दर एक टक्क्याच्या आसपास आहे, इथे त्यांनी त्या जागेचाच कमी दर घेतलाय, म्हणजे तुमच्या बाजूला झुकूनच हिशोब केलाय. पण नकाशा चुकीचा असू शकतो हे खरं, म्हणूनच एकट्या लांबीवर कोणी निकाल देत नाही. दुसरी खूण अशी की ती अक्षरं कोणाशी जुळतात ते बघायचं. इथे धोक्याशी बांधलेल्या १३ जागा आहेत, त्यातल्या ११ क्रोएशियातल्या विंदिया गुहेत सापडलेल्या ५० हजार वर्षांपूर्वीच्या बाईच्या डीएनएत तशाच आहेत, आणि आईबाबांकडून आलेल्या दोन्ही कॉप्यांमध्ये. सायबेरियातल्या दोन नियांडरथलांकडे मात्र तीनच. आणि आफ्रिकेत हा तुकडा जवळजवळ नाहीच. जुन्या पूर्वजाचा असता तर आफ्रिकेतही बऱ्यापैकी सापडायला हवा होता, नाही का?

चावडीवरचा: एक मिनिट, आफ्रिकेत नाही म्हणजे नियांडरथलचा, हे तर सोपंच झालं. आफ्रिकन लोकांत नियांडरथल शून्य असतं ना, कारण तो संबंध आफ्रिकेबाहेर झाला. म्हणजे आफ्रिकन जीनोम बाजूला ठेवला की जे उरतं ते सगळं नियांडरथल.

रेवा७९: अर्धं बरोबर दादा. पूर्वी बरेच जण असंच करायचे, आफ्रिकन लोकांना "कोरे" धरून. पण २०२० मध्ये दुसऱ्या एका गटाने आफ्रिकन संदर्भ न घेता, सरळ नियांडरथल जीनोमशी लांब जुळणारे तुकडे शोधायची पद्धत वापरली, तर आफ्रिकन लोकांतही सरासरी १.७ कोटी अक्षरं, म्हणजे ०.३ टक्क्यांच्या आसपास निघालं. युरोपकडे गेलेल्यांचे वंशज परत गेले तेव्हा ते नेलं असावं असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे कोरी पाटी पण कोरी नव्हती. आणि संदर्भच थोडा मिसळलेला असला की तुम्ही बाकीच्यांचं मोजताना खरे तुकडे पण "आफ्रिकेत आहेत ना, मग आपले नाहीत" म्हणून फेकून देता. आकडा गुपचूप कमी येतो आणि कोणाला कळत नाही.

शिवाय तुम्ही म्हणता त्यातली दुसरी गडबड, आफ्रिकेत नाही एवढ्यावर गेलात तर आफ्रिकेबाहेर नंतर झालेले नवे म्युटेशन पण नियांडरथल ठरतील. म्हणून एकच अक्षर बघायचं नाही, शेजारी शेजारी बांधून येणारी माळच्या माळ बघायची.

पाटलांचा_नाना: आफ्रिकेबाहेरच्या लोकांत दोन टक्के नियांडरथल असतं म्हणतात, माझं डोकं त्या दोन टक्क्यांवर अडलंय. चिंपांझीशी आपण ९८ टक्के सारखे म्हणतात, आणि नियांडरथल तर आपला भाऊबंद, त्याच्याशी फक्त दोनच टक्के? हे काय गणित आहे राव.

खवचट_कावळा: नाना, ९८ हे "किती अक्षरं सारखी" असं आहे आणि २ हे "किती अक्षरं त्याच्याकडून वारशात आली" असं आहे. तुमची जमीन शेजाऱ्यासारखीच काळी आहे आणि तुमच्या जमिनीतला दोन गुंठ्यांचा तुकडा शेजाऱ्याकडून घेतलाय, ह्या दोन वेगळ्या गोष्टी. (बघा रेवाताई, मी पण मदत करतो कधी कधी.)

पाटलांचा_नाना: आता डोक्यात शिरलं. सातबाराची भाषा पाहिजे होती.

सातारी_तर्री: पहिलं कळलं. दुसऱ्याचं काय? निम्म्या लोकांत आहे हे खरं का?

रेवा७९: दक्षिण आशियात साधारण निम्म्या लोकांकडे किमान एक कॉपी, युरोपात १६ टक्के लोकांकडे, पूर्व आशियात जवळजवळ नाहीच. बांगलादेशात ६३ टक्के, तिथे १३ टक्क्यांकडे दोन्ही कॉप्या. आणि ज्याच्याकडे आहे त्याला श्वसन निकामी होऊन हॉस्पिटलात जायचा धोका साधारण १.६ पट. हा संबंध आधी इटली-स्पेनच्या पेशंटांत सापडला, नियांडरथलचं नंतर कळलं. ब्रिटनमध्ये बांगलादेशी वंशाच्या लोकांना कोव्हिडने मरायचा धोका दुप्पट होता हे पण झेबर्ग-पॅबोच्या त्या पेपरात लिहिलंय, म्हणून लोक लगेच दोन आणि दोन चार करतात.

खवचट_कावळा: आणि इथेच मी विरोधात आहे. ब्रिटनमध्ये ते लोक टॅक्सी चालवत होते, दुकानात उभे होते, एका घरात तीन पिढ्या. त्याचं खापर ५० हजार वर्षांपूर्वीच्या बाईवर फोडायचं? आणि आपल्याकडे बनारसच्या बीएचयू आणि हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या लोकांनी २०२१ मध्ये बघितलं की हा तुकडा जिथे जास्त तिथे संसर्ग आणि मृत्यू जास्त का, तर दक्षिण आशियात तसा काही संबंधच दिसला नाही. विषय संपला.

रेवा७९: संपला नाही. ब्रिटनबद्दल तुमच्याशी सहमत. पण तो भारतातला अभ्यास प्रदेशांची सरासरी प्रदेशांच्या आकड्यांशी ताडतो. टेस्ट किती झाल्या, मृत्यू किती नोंदले, लोकसंख्या किती तरुण, या सगळ्याचा गोंधळ त्या आकड्यांत आहे. त्यात १.६ पटीचा परिणाम बुडून गेला तर आश्चर्य नाही. माणसामाणसात फरक आहे की नाही हे त्यातून खोटं ठरत नाही. आजारी आणि बरे असे दोन गट एकाच गावातले घेऊन मोजलं तरच कळेल.

खवचट_कावळा: मग प्रदेशांच्या आकड्यांनी खोटं ठरत नाही तसं खरंही ठरत नाही. आपल्याकडे एवढी माणसं यामुळेच गेली असं म्हणणं दोघांच्याही हिशोबाने चुकीचं.

रेवा७९: हो, त्यावर सही करते.

चावडीवरचा: पण मग एवढा वाईट तुकडा निम्म्या लोकांत टिकलाच कसा? म्हणजे कधीतरी फायद्याचा असणार. बंगालमध्ये कॉलरा असायचा, त्यापासून वाचवत असेल.

रेवा७९: बांगलादेशात तो नैसर्गिक निवडीने वाढला असावा असे संकेत आहेत, पण कशासाठी ते कोणी दाखवलेलं नाही, कॉलरा हा अंदाज आहे. एक गोष्ट मात्र मोजलीय, २०२२ मध्ये झेबर्गने दाखवलं की हा तुकडा असलेल्यांना एचआयव्ही लागायचा धोका साधारण २७ टक्के कमी, कारण शेजारच्या CCR5 जीनचं काम मंदावतं आणि विषाणू पेशीत शिरायला तेच दार वापरतो. पण एचआयव्ही माणसांत येऊन शंभरएक वर्षंच झाली, त्यामुळे तुकडा वाढायचं कारण तो नाही.

आणि यातलं नक्की कुठलं अक्षर काम करतं हे शोधणं अजून कठीण, कारण सगळी एकत्रच वारशाने येतात, एक पकडलं की बाकीची पण हातात येतात. ऑक्सफर्डच्या गटाने २०२१ मध्ये rs17713054 नावाच्या एका अक्षरावर बोट ठेवलं, ते LZTFL1 जीनचं काम वाढवतं, आणि तेही रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींत नाही, फुप्फुसाच्या अस्तरात. बाकी जीनचे दावेदार अजून आहेत.

शिरीष_नाशिककर: मी जरा वैयक्तिक विचारतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझा भाऊ, वय ४१, शुगर नाही बीपी नाही, बारा दिवस व्हेंटिलेटरवर होता, वाचला. मी आणि बाबा त्याच घरात, आम्हाला साधा ताप. मी आधी एका कंपनीची लाळेची टेस्ट केली होती, रिपोर्टमध्ये "तुमच्यात नियांडरथल सरासरीपेक्षा जास्त" असं छानपैकी लिहिलं होतं. म्हणजे मला धोका जास्त होता आणि त्याला कमी, मग उलट कसं झालं?

रेवा७९: बारा दिवस, बाप रे. भाऊ सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं. त्या रिपोर्टातलं "सरासरीपेक्षा जास्त" विसरा. ते सगळ्या जीनोमभरचे तुकडे मोजून दिलेलं आहे, तुमच्यात इतर ठिकाणचे शंभर असतील आणि क्रोमोसोम ३ वरचा हा नसेल. शिवाय दुसऱ्या क्रोमोसोमवर, बारावर, OAS जीनांच्या भागात नियांडरथलकडून आलेला असाही तुकडा आहे जो गंभीर कोव्हिडचा धोका २२ टक्क्यांनी कमी करतो. एकूण टक्क्यांवरून धोका कळतच नाही. आणि १.६ पट म्हणजे ज्याच्याकडे तो आहे असे बहुतेक लोक साध्या तापानेच बरे झाले, त्यामुळे एका घरातले दोन भाऊ बघून काही ठरत नाही. तरुणांमध्ये परिणाम जास्त ठळक दिसला होता एवढं मात्र खरं.

कंपनीकडून कच्ची फाईल उतरवून घेतली असेल तर ही कमांड चालवून बघा, या जागेवर C असेल तर तुकडा आहे:

```
grep rs10490770 raw.txt
```

शिरीष_नाशिककर: आत्ता बघितलं. TC आलंय.

रेवा७९: एक कॉपी आहे तुमच्याकडे. आईकडून की बाबांकडून ते यावरून कळणार नाही, आणि भावाकडे आहे का तेही नाही. त्याच्याकडे नसायची शक्यताही बऱ्यापैकी आहे.

खवचट_कावळा: म्हणजे तुकडा ज्याच्याकडे नक्की आहे तो ताप काढून उठला, आणि व्हेंटिलेटरवर गेला त्याचं माहितच नाही. बघा, मी काय म्हणत होतो.

शिरीष_नाशिककर: त्याला टेस्ट करायला सांगू का? तो म्हणेल आता कशाला.