माई-आप्पा ५० : कालच्या तालमीबद्दल

मंगलताई: माई-आप्पांच्या सुवर्णमहोत्सवाच्या गाण्याची कालची तालीम बघून जीव कसानुसा झाला. माईचा आवाज अंतऱ्यात दोनदा फाटला. ती हसली, पण नंतर स्वयंपाकघरात गेली ती आलीच नाही. आप्पांसाठी पट्टी लावायची आणि तिनं ओढत राहायचं, हे काय आजचं आहे का?

नितीनदादा: ताई, पट्टी मी नाही लावली. पेटीवर ओंकार होता.

शरदकाका: सर्वांनी ध्रुवपद पाठ करून यावे. 🙏

स्नेहावहिनी: मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं. पण माझं कोण ऐकतं.

ओंकार: आत्या, काळी एक आप्पांची. त्यात माईआजीला तार सा गाठायला लावला, ती माझी चूक. काळी चार लावून पाहिली तर आजीला छान, पण आप्पांचा मुखडा एकदा पोटातून घोगरा आणि एकदा किंचाळून.

नितीनदादा: मग मधली घे ना! पांढरी चार.

ओंकार: घेतली होती. आजीचा मुखडा पुटपुटल्यासारखा झाला, आप्पांचा अंतरा ताणून. दोघंही नाराज.

रेवा: म्हणजे अगदी संसारातल्यासारखं 😄

मंगलताई: रेवा, मोठ्यांच्या बोलण्यात नको.

शरदकाका: सर्वांनी ध्रुवपद पाठ करून यावे. 🙏

स्नेहावहिनी: काका, कुठलं ध्रुवपद? शेवटचा चरण अजून ठरायचाय.

नितीनदादा: ठरलाय.
पन्नास वर्षांची / जोडीने ही वारी / विठ्ठलाच्या दारी / पूर्ण झाली

मंगलताई: "पूर्ण झाली"?? अरे, सुवर्णमहोत्सव आहे की निरोप समारंभ?

स्नेहावहिनी: अगदी हेच. पण मी बोलले असते तर वाईट ठरले असते.

नितीनदादा: कवितेत एवढं चालतं. आणि शेवटच्या चरणात चारच अक्षरं बसतात. सहा-सहा-सहा-चार, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. तुम्ही सुचवा.

रेवा: रोज घडो.

नितीनदादा: ...बसतंय.

मंगलताई: बघ, पोरीला सुचलं. (रेवा, मघाचं मागे घेते.)

शरदकाका: आप्पांना "वारी" म्हणताना दम लागतो. त्याचं काय?

ओंकार: काका, त्याचाच उपाय सांगतो, थोडं लांबेल. पट्टी काळी एकच ठेवू, चाल बदलू. मुखडा फक्त सा ते प. आप्पा खालच्या सप्तकात, आजी त्याच सुरांवर वरच्या. ती दोघांनाही सोपी जागा. आप्पांचा अंतरा प पासून तार सा कडे चढेल, आजीचा मात्र प पासून खाली मंद्र पंचमाकडे उतरेल. गंमत म्हणजे आजीचा मंद्र प आणि आप्पांचा मध्य प, पेटीवर पट्टी एकच! म्हणजे दोघांचे अंतरे जवळपास त्याच पट्ट्यांवर फिरतात. फक्त एक चढतो, एक उतरतो.

मंगलताई: आणि फाटणार नाही?

ओंकार: वर जायचंच नाही तर फाटेल कशाला? आज सकाळी आजीला हळूच विचारलं, भाजी निवडता निवडता म्हणून दाखवलं. हा तिचा:
अंगणी तुळस / तेवे सांजवात / तुझा डोई हात / पांडुरंगा
"पांडुरंगा"वर मंद्र प. आवाज असा लागला की तिचाच हात निवडताना थांबला.

स्नेहावहिनी: मी शेजारी होते. खरं आहे.

नितीनदादा: आप्पांचा तोच ना? तुझ्या हाती टाळ / माझ्या हाती वीणा / देवा तुझ्याविणा / कोण आम्हां.

मंगलताई: आप्पांना टाळ-वीणा, माईला तुळस-वात. पुन्हा तेच.

नितीनदादा: ताई, टाळ तिच्याच हातात आहे. वाच नीट.

मंगलताई: वाचलं. बरं.

ओंकार: दमाचं काय ते: ज्यानं अंतरा म्हटला त्यानं मुखडा उचलायचा नाही. आप्पांचा अंतरा संपला की "पन्नास वर्षांची" आजी एकटी घेईल, "जोडीने ही वारी"ला आप्पा मिळतील. आजीच्या अंतऱ्यानंतर उलट. शिवाय अंतऱ्याआधी भजनी ठेक्याचं एक आवर्तन मोकळं, आठ मात्रा. काल दोघं एकदम मुखड्यावर पडत होती, एक जण अर्धा पाऊल मागे, म्हणून गोंधळ वाटत होता.

रेवा: आणि आपण सगळे?

ओंकार: शेवटच्या मुखड्यातच. आधी कुणीही सूर धरू नका. काका, विशेषतः तुम्ही.

शरदकाका: मी मंदिरात चाळीस वर्षं गातोय.

ओंकार: म्हणूनच म्हटलं 🙏

नितीनदादा: 😂

मंगलताई: नितीन, हसू नकोस. तालीम उद्या सहाला. माईला मी सांगते, तिचा अंतरा बदललाय म्हणून. आप्पांना कोण सांगणार, मुखडा आता माई उचलणार ते?

स्नेहावहिनी: माईच सांगतील. जेवताना.

शरदकाका: सर्वांनी ध्रुवपद पाठ करून यावे. "पूर्ण झाली" असे. 🙏

रेवा: काका!! "रोज घडो"!!