बायोडेट्यातली ‘अपेक्षा’ आणि ‘अट’

त्रिमूर्तीनगरकर: मुलीचा बायोडेटा लिहितोय. शेवटी ‘अपेक्षा’ असा एकच रकाना. त्यात उंची ५ फूट ८ इंच, निर्व्यसनी, नागपुरातच नोकरी, सगळं एका ओळीत. ज्यावर खरंच नकार ठरतो, त्याला वेगळा शब्द कोणता?

बर्डीवाला: ‘अट’. अपेक्षा ठेवतात, अट घालतात. सगळं पटलेला मुलगा ५ फूट ६ निघाला तर परत पाठवाल का? नाही ना, मग ती अपेक्षा. दारूवर मात्र बोलणी तिथंच थांबतील.

काकू_महाल: आमच्या वेळी तं एक नाडी निघाली की विषय संपला. छत्तीसपैकी आठ गुण तिचेच ना बाप्पा! आता म्हणे रक्तगटही सारखा चालत नाही.

लॅबवाला: काकू, रक्त तपासायचं हे खरं, पण रक्तगटासाठी नाही. सारख्या गटानं काही बिघडत नाही. बायको निगेटिव्ह, नवरा पॉझिटिव्ह असला तरी अँटी-डीचं इंजेक्शन असते. विदर्भात पाहायचं ते सिकलसेल, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. त्यातही लोक अट चुकीची घालतात, ‘वाहक मुलगी नको’ म्हणून. दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. मुलाचा रिपोर्ट साफ असेल तर बाळ फार तर वाहक होईल, आजारी नाही. म्हणजे अट एकट्या मुलीवर घालताच येत नाही, ती जोडीवर असते. आणि नुसत्या सोल्युबिलिटीच्या प्राथमिक चाचणीवर जाऊ नका. ती पॉझिटिव्ह आली तरी वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी केल्यावरच कळते.

मिहान_नाईटशिफ्ट: माझ्या बहिणीला याच्यावरूनच नकार आला. मुलाची तपासणी केली का विचारलं, तर ‘आमच्याकडे कोणाला तसलं काही नाही’. वाहकाला त्रासच होत नसतो, मग घरात कळणार कसं?

बर्डीवाला: हेच म्हणतो मी. त्यांना हवं होतं निरोगी मूल, अट घातली मुलीच्या रिपोर्टवर. त्रिमूर्तीनगरकर, ‘नागपुरातच नोकरी’ कशासाठी लिहिलं?

त्रिमूर्तीनगरकर: एकुलती एक आहे. हिचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असते, गाडी मुलगीच काढते.

बर्डीवाला: मग अट ही, की तिच्या आईचं पाहणं लग्नानंतरही सुटणार नाही. पुण्यातला मुलगा सासूला तिकडे न्यायला तयार झाला तर? आणि नागपुरातलाच, पण ‘आता माहेर पुरे’ म्हणणारा निघाला तर? तुमच्या ओळीत पहिला गळतो, दुसरा बसतो.

काकू_महाल: असं लिहिलं तं स्थळंच येणार नाहीत! पहिल्या भेटीत सांगावं.

लॅबवाला: सिकलसेलचं तरी पत्रिका देण्याआधीच सांगा. दोघं वाहक असूनही लग्न करणारे आहेत, दहा-बारा आठवड्यांत गर्भाची तपासणी करतात. पण रिपोर्ट वाईट आला तर काय करायचं, यावर दोघांचं आधी एकमत पाहिजे.

मिहान_नाईटशिफ्ट: आणि त्यावरच दोघांचं जमलं नाही तर? ती अट की अपेक्षा?

त्रिमूर्तीनगरकर: मी उंची खोडली. डायलिसिसचं बायोडेट्यात लिहायला ही तयार नाही.