प्रतिसाद: सिल्कचा कुर्ता आणि बोअरचं पाणी

> लेबलवर ड्राय क्लीन ओन्ली असलं की घरी पाण्याला लावायचंच नाही, सिल्क तर नाहीच

सरसकट तसं नाही. साधा, बिनअस्तराचा, एकाच रंगाचा सिल्क कुर्ता असंल तर बहुतेक वेळा चालतं, पण आधी टेस्ट करा. आतल्या शिवणीच्या दुमडीवर पाण्यात शाम्पू मिसळून दोन थेंब टाका, वर पांढरा सुती रुमाल मिनिटभर दाबून धरा. रुमालाला रंग लागला तर तिथंच थांबा. नाही लागला तरी ती जागा पूर्ण वाळू द्या, कारण डाग किंवा सुरकुतलेपण वाळल्यावरच दिसतं. क्रेप असंल तर इथंच आकसून कळतं.

आता आपल्याकडची गोष्ट, जी इथं कुणी लिहिली नाही. लातूर बीडकडं बऱ्याच घरी बोअरचं जड पाणी येतं, त्यात साबणाची वडी वापरली की साबण आणि क्षार मिळून पांढरट थर धाग्यावर बसतो, कापड खरखरीत अन् निस्तेज होतं आणि लोक म्हणतात सिल्क गेलं. म्हणून वडी नको, अर्ध्या बादली गार पाण्यात चमचाभर शाम्पू, दोन-तीन मिनिटं हलकं बुडवायचं, चोळायचं पिळायचं नाही, शेवटचं खंगाळणं आरओ फिल्टरच्या पाण्यात. मग टॉवेलात गुंडाळून दाबायचं, सावलीत वाळवायचं.

जरीची पैठणी, हिमरू शाल, मखमल, अन् कॉलरला बकरम चिकटवलेला कोट यांच्या वाटंला मात्र जाऊ नका, बकरम सुटून फुगे आले की लाँड्रीवाला पण काही करू शकत नाही.