मदत हवी आहे: बहिणीच्या यूके स्पाउस व्हिसासाठी ए-1, ए-2 की सरळ बी-1?

नागपूरचा_भाऊ

नमस्कार मंडळी. लहान बहिणीचं लग्न झालं फेब्रुवारीत, जावई लेस्टरला असतात, त्यांच्याकडे तिथला कायमचा राहण्याचा परवाना आहे. आता तिचा व्हिसा टाकायचा तर इंग्रजीची परीक्षा लागते म्हणे. सीताबर्डीवरच्या एका क्लासवाल्याकडे गेलो तर तो म्हणे आयईएलटीएसचे सहा बँड पाहिजे, तीन महिन्यांची बॅच आहे, रायटिंग-रीडिंग सगळं करावं लागते. घरी येऊन जावयांना फोन केला तर ते म्हणतात अरे फक्त बोलणं आणि ऐकणं आहे, ए-1 म्हणजे सगळ्यात खालची पायरी पुरते. आता कोणाचं खरं मानायचं?

बहिणीचं बीकॉम मराठी मीडियममधून. इंग्रजी समजते पण बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. मी विचार करून राहिलो की ए-1 दिली तर पुढे परत परत परीक्षा, मग एकदाच बी-1 देऊन मोकळं व्हावं का?

संत्रा_बर्फी

सहा बँडच लागतात भाऊ, माझ्या भाच्याने दिली ना मास्टर्सला जाताना. अॅकॅडमिकची पुस्तकं आहेत माझ्याकडे, धरमपेठला येऊन घेऊन जा.

नागपूरचा_भाऊ

ताई धन्यवाद पण ते शिकायला जाणाऱ्यांचं झालं, ही संसाराला चालली.

परदेशी_सून

मी या तिन्ही पायऱ्या चढले आहे म्हणून सांगते. जावई बरोबर बोलले. नवरा ब्रिटिश नागरिक असेल किंवा त्याच्याकडे कायमचा परवाना असेल तर पार्टनर म्हणून पहिल्यांदा जाताना ए-1, तेही फक्त बोलणं-ऐकणं. बाहेरून अर्ज केला की पहिला व्हिसा 33 महिन्यांचा मिळतो. तो संपत आला की मुदतवाढीला ए-2, आणि पाच वर्षांनी कायमच्या परवान्याला बी-1 अधिक त्यांची ती लाइफ इन द यूके परीक्षा. मी 2018 ला मुंबईला ए-1 दिली, 2021 ला तिकडे ए-2, 2023 ला बी-1. तीन वेळा फी, तीन वेळा सुट्टी, तीन वेळा पोटात गोळा.

बुकिंग करताना नीट बघा. `IELTS Life Skills` असं लिहिलेलं असते आणि पुढे लेव्हल. साधी आयईएलटीएस चालत नाही, यूकेच्या गृहखात्याच्या यादीतलीच लागते. भारतातून पिअर्सनची पीटीई होम आणि लँग्वेजसर्टची परीक्षाही चालते. ट्रिनिटीची फक्त यूकेत देता येते, तिच्या नादी लागू नका.

एकदम_कन्फ्युज्ड

मध्येच विचारतो, माझी बायको पण यूकेला येणार आहे, मी इथे स्किल्ड वर्करच्या नोकरीच्या व्हिसावर आहे, आम्हाला पण ए-1 का?

परदेशी_सून

तुमचा रस्ता वेगळा. तुमची बायको डिपेंडंट, नागपूरच्या भाऊंची बहीण पार्टनर. आजवर डिपेंडंटला येतानाच्या व्हिसाला भाषेची परीक्षा नव्हती, पण मे 2025 च्या सरकारी श्वेतपत्रात तीही आणायचं म्हटलंय, त्यामुळे अर्जाच्या दिवशी gov.uk वर पाहून घ्या. दोघांचे नियम मिसळले की असे घोळ होतात.

वकील_नाही_पण

बी-1 आधी देऊन काही उपयोग नाही भाऊ, सर्टिफिकेट दोनच वर्षं चालते. मुदतवाढीपर्यंत ते संपलेलं, परत द्यावीच लागेल.

परदेशी_सून

अर्धंच बरोबर आहे. नव्या अर्जाला वापरायचं तर दोन वर्षांच्या आतलं पाहिजे, हे खरं. पण जे सर्टिफिकेट आधीच्या यशस्वी अर्जात मान्य झालंय आणि ए-2 किंवा वरचं आहे ते मुदतवाढीला पुन्हा चालते, तारीख उलटली तरी. बी-1 चं तसंच कायमच्या परवान्याला, फक्त ती परीक्षा तेव्हाच्या मान्य यादीत असली पाहिजे. म्हणजे आज बी-1 पास झाली तर आजच्या नियमानुसार तिन्ही पायऱ्या झाल्या. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर...

पण त्याच श्वेतपत्रात कायमच्या परवान्याला बी-1 ऐवजी बी-2 करायचं पण लिहिलंय. तिची पाच वर्षं होईपर्यंत काय लागू असेल ते आज कोणी सांगू शकत नाही. त्यामुळे बी-1 ची तिसऱ्या पायरीची हमी धरू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. या परीक्षेत मार्क नाहीत, पास किंवा नापास. बी-1 मध्ये नापास झाली तर "बी-1 नाही तर निदान ए-1 तरी धरा" असं होत नाही, हातात काहीच येत नाही, पुन्हा फी भरून बुक करावी लागते. व्हिसावर त्याचा डाग नाही, पण वेळ जातो.

वकील_नाही_पण

बरं हे माहीत नव्हतं. मग डिग्री इंग्रजीतून असेल तर परीक्षाच नाही ना?

परदेशी_सून

हो, पण एक्टिस नावाच्या संस्थेकडून दोन्ही गोष्टींचं पत्र लागते, डिग्री तिकडच्या बॅचलरच्या तोडीची आहे आणि शिकवलं इंग्रजीतून. इथे बीकॉम मराठीतून, म्हणून तो दरवाजा बंद.

नागपूरचा_भाऊ

परीक्षेत नेमकं काय विचारतात? ती दोन दिवसांपासून आरशासमोर बोलून राहिली.

परदेशी_सून

लाइफ स्किल्समध्ये एक परीक्षक आणि दोन उमेदवार समोरासमोर. ए-1 ला जेमतेम वीस मिनिटांच्या आत संपते. आधी नाव, कुठून आलात, आणि नावाचं स्पेलिंग एकेक अक्षर सांगा. हसू नका, माझं आडनाव सांगताना जी आणि जे मध्ये गोंधळ झाला. मग आपण रोजच्या एखाद्या विषयावर बोलायचं आणि जोडीदाराने प्रश्न विचारायचे, मग उलट. मध्ये छोटी रेकॉर्डिंग ऐकवतात, उत्तर तोंडीच. शेवटी दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं. माझ्यासोबतची बाई बोलतच नव्हती, मला वाटलं झालं आता, पण प्रत्येकाचं वेगवेगळं तपासतात.

ही जोडी नको वाटत असेल तर पीटीई होम कॉम्प्युटरसमोर माइकवर आहे. काहींना ते बरं वाटते, मला मात्र यंत्रापुढे शब्दच सुचत नाहीत.

घरी एक करून बघा. तिला म्हणा मागच्या दसऱ्याला काय काय केलं ते दीड मिनिट न थांबता सांग, मग तुम्ही "का" आणि "त्याऐवजी काय केलं असतं" विचारा. "वी गो, वी ईट" वर अडकली तर ए-1 ची तयारी आहे. झालेलं झालेल्या काळात सांगून कारण जोडता आलं, अडखळत का होईना, तर बी-1 चा विचार करा.

आणि पासपोर्ट! लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर बुकिंगच्या आधी ठरवा. परीक्षा ज्या पासपोर्टवर दिली तेच नाव सर्टिफिकेटवर येते. मग अर्ज नव्या नावाने गेला की जुना पासपोर्ट, लग्नाचा दाखला, सगळी जुळवाजुळव.

नागपूरचा_भाऊ

अरे बापा, पासपोर्ट तर कालच री-इश्यूला टाकायचा म्हणून फॉर्म भरला होता, अजून सबमिट नाही केला. आज थांबवतो.

रात्री जेवण झाल्यावर दसरा घेतला. पहिलं मिनिट ठीक गेलं, सोनं वाटायला गेलो, मामाकडे गेलो, सगळं "वेंट" मध्ये. मग मी विचारलं मामाकडेच का, तर "बिकॉज मामा इज..." म्हणून थांबली आणि आई हसली, मग तीही हसली आणि झालं. मला वाटते ए-2 जमेल. तिचं म्हणणं बी-1 च द्यायची, तीन महिने आहेतच. ए-2 वर मुदतवाढ सुटत असेल तर मधलीच घ्यावी असं माझं मत. कोणी ए-2 भारतातूनच दिली असेल तर सांगा, सगळ्या सेंटरला सगळ्या लेव्हल असतात का?

संत्रा_बर्फी

पुस्तकं नको का मग?