हँडओव्हर नोट शॉर्टमध्ये लिहायची की नीट वाक्यात?

रात्रपाळी
वॉर्डात नर्स आहे. परवा ड्यूटी संपताना वहीत एवढं लिहून घरी गेले: "बेड ४ – नाष्टा नाही. इन्सु होल्ड. डॉ. कळवले. डी/सी उद्या बघणे." डोळा लागतोय तोच दोन फोन. सिस्टर म्हणाल्या यापुढे पूर्ण वाक्यात लिही. चौदा पेशंट आणि हातात पंधरा मिनिटं, पूर्ण वाक्यं लिहायची कधी? आणि शॉर्टमध्ये लिहिलं म्हणून नक्की बिघडलं काय?

जुना स्टेथो
काही बिघडलेलं नाही. वॉर्डातली वही म्हणजे निबंधाची वही नाही. ज्याला बीपी आणि ईसीजी कळतं त्याला हेही कळायला हवं, नाही कळलं तर तो नवीन आहे, शिकेल. मी तर म्हणतो लांब नोट जास्त धोक्याची, कारण सकाळी घाईत कोणी वाचतच नाही, नजर फक्त आकडे शोधत असते.

औषधवाला
मी फार्मसीत आहे, म्हणजे अशा नोटांच्या दुसऱ्या टोकाला. तुझी नोट मी चार्ज घेणारा म्हणून वाचून बघतो.

"नाष्टा नाही." कोणी काय केलं नाही? तपासणीसाठी उपाशी ठेवायचं होतं म्हणून दिला नाही, की दिला पण पेशंटने खाल्ला नाही, की अजून आलाच नाही? आलाच नसेल तर थांबायचं, उपाशी ठेवायचं असेल तर कोणी चुकून भरवू नये हे बघायचं, आणि खाल्ला नसेल तर का नाही ते विचारायचं. आता पुढचा शब्द इन्सुलिनचा आहे, त्यामुळे या तिन्हींतला फरक नुसता भाषेचा राहत नाही.

"इन्सु होल्ड." हा डोस थांबवला की सगळेच? कधीपर्यंत? आणि थांबवला, की थांबवायचा आहे?

"डॉ. कळवले" हे तर मला सगळ्यात डेंजर वाटतं. डॉक्टरांना कळवलं की डॉक्टरांनी कळवलं? मराठीत कोणी कोणाला काय केलं हे शब्दांच्या क्रमावरून कळत नाही, ते ने, ला, ना यांच्यावर चालतं. शॉर्ट करताना पहिली कात्री त्यांच्यावरच चालते कारण ते बिनकामाचे वाटतात. एक "ना" उडवला आणि ऑर्डर आलेली आहे की यायची आहे हेच कळेनासं झालं.

"डी/सी" म्हणजे काही जणांसाठी डिस्चार्ज, काही जणांसाठी बंद करणे, म्हणजे सलाइन किंवा नळी. दोन्ही अर्थ सर्रास चालतात. आणि रात्रपाळीत लिहिलेला "उद्या" कुठला गं? रात्री दहाचा उद्या आणि पहाटे पाचचा उद्या वेगळा.

दोन फोन आले ते कशासाठी होते?

रात्रपाळी
पहिला "डॉक्टर काय म्हणाले" आणि दुसरा "डिस्चार्जचे पेपर करायचे का". 😐 मला नळी म्हणायचं होतं.

शुद्धलेखन_काका
आजकालच्या मुलांचं हेच झालंय, ओके सुद्धा पूर्ण लिहीत नाहीत, नुसता के टाकतात. आणि होल्ड, डिस्चार्ज, बेड हे सगळं इंग्रजी कशाला? खाट म्हणा, मराठीत लिहा, प्रश्नच मिटेल.

औषधवाला
काका, प्रश्न इंग्रजीचा नाहीये हो. "खाट ४, न्याहारी नाही, वैद्य कळवले" असं लिहिलं तरी गोंधळ तेवढाच राहतो. उलट "इन्सुलिन दिलं नाही" यात इंग्रजी शब्द असूनही काही अडत नाही.

टिपणवही
सोपा उपाय आहे, पहिल्यांदा पूर्ण शब्द लिहायचा, नंतर शॉर्टफॉर्म वापरायचा. आमच्या ऑफिसच्या रिपोर्टात हेच करतो, किंवा शेवटी यादी जोडतो.

औषधवाला
रिपोर्टात ठीक आहे, तो माणूस पहिल्या पानापासून वाचतो (वाचतो असं आपण धरून चालतो). वॉर्डातली वही कोणी पहिल्यापासून वाचत नाही, बेड ४ उघडला की बेड ४ एवढंच. पूर्ण शब्द तीन पानं मागे, सोमवारी लिहिलेला असला तर त्याचा काय उपयोग. शिवाय एका वाक्यात पाच नवीन शॉर्टफॉर्म आले तर पहिल्यांदा उलगडून दिले असले तरी वाचणारा प्रत्येकासाठी मागे जातो. रिपोर्टात सुद्धा, जो शब्द दोनदाच येणार आहे त्याला शॉर्ट करायचंच कशाला?

जुना स्टेथो
मग काय आता इलेक्ट्रोकार्डिओग्राम लिहू का प्रत्येक वेळी?

औषधवाला
नको, कृपा करून नको. ईसीजी हाच आता शब्द झालाय, उलगडून लिहिलं तर वाचणारा जास्त अडखळेल. मी बघतो ते एवढंच की हे अक्षर इथे दुसरं काही असू शकतं का. आमच्याकडचं नेहमीचं उदाहरण एमएस, हे मॉर्फिन सल्फेट पण होतं आणि मॅग्नेशियम सल्फेट पण, दोन्ही इंजेक्शनं आणि कामं पूर्ण वेगळी. किंवा युनिटसाठी नुसतं इंग्रजी यू, हाताने लिहिताना वरून जरा मिटलं की शून्य दिसतं आणि दहा युनिटचे शंभर होतात. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये वापरायचेच नाहीत अशा शॉर्टफॉर्मची छोटी यादी काढली त्यात हे दोन्ही आहेत.

त्याच यादीतली एक गंमत सांगतो, दशांशाच्या आधी शून्य लिहायचंच, नाहीतर ठिपका फिका पडला की .५ चे ५ होतात, पण पूर्ण आकड्यानंतर ठिपका-शून्य लिहायचं नाही, नाहीतर १.० चे १० होतात. म्हणजे एका जागी अक्षर वाढवा आणि एका जागी कमी करा. तेव्हा "जास्त लिहा" असं माझं म्हणणं नाहीच आहे.

जुने_खटले
यावरून तारेचा एक खटला आठवला. १८८७ साली फिलाडेल्फियाच्या प्रिमरोझ नावाच्या लोकर व्यापाऱ्याने कॅन्ससमध्ये फिरणाऱ्या आपल्या एजंटला तार केली. तारेला शब्दागणिक पैसे, म्हणून व्यापारी सांकेतिक शब्द वापरायचे, एका शब्दात अख्खं वाक्य. त्याने लिहिलं 'बे', संकेतात अर्थ "मी घेतली आहे". पोचताना झालं 'बाय', म्हणजे खरेदी कर. इंग्रजी स्पेलिंगमध्ये फरक एका अक्षराचा आणि मोर्समध्ये त्या अक्षरात फरक एका ठिपक्याचा. एजंटने लोकर घ्यायला सुरुवात केली, वीस हजार डॉलरच्या वर नुकसान. खटला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, १८९४ मध्ये निकाल, आणि तार कंपनीकडून हातात पडले तारेचे १ डॉलर १५ सेंट. कारण थोडे जास्त पैसे भरून तार पाठवणाऱ्या ऑफिसला परत पाठवून ताडून घेता आली असती, ती त्याने घेतली नव्हती.

जुना स्टेथो
किस्सा भारी पण इथे लागू होत नाही. ती ऑपरेटरची चूक, व्यापाऱ्याने लिहिलं ते बरोबरच होतं.

जुने_खटले
चूक ऑपरेटरची हे मान्य, पण ती कोणाला दिसली का नाही? कारण त्या आटवलेल्या मजकुरात दोन्ही शब्द तितकेच बसत होते. "मी लोकर घेतली आहे" आणि "तू लोकर घे" यात मी, तू, घेतली, आहे इतक्या जागा बदलाव्या लागतात, एक ठिपका पडून ते होत नाही. एखादं अक्षर बिघडलं तरी बाकीचे शब्द ओरडून सांगतात की काहीतरी गडबड आहे. आपण शॉर्ट करताना जे "जादाचं" म्हणून काढतो ना, तेच चूक पकडायला असतं.

नटबोल्ट
माझा वॉर्डाशी संबंध नाही, मी मशीन मेंटेनन्समध्ये आहे पण दुखणं तेच. आमच्या लॉगमध्ये एक ओळ होती "पंप २ सील लीक टेस्ट रिपोर्ट फॉलोअप कॉल पेंडिंग", नामांची मालगाडी नुसती, क्रियापद कुठेच नाही. मी समजलो रिपोर्ट यायचाय आणि ते लोक आपल्याला फोन करणार. ते समजले आम्ही करणार. चार दिवस दोघं निवांत. मग मी साहेबांना सांगून सगळीकडे शॉर्टफॉर्म बंद करायला लावले, आता पीएसआयचं पण पाउंड पर स्क्वेअर इंच लिहितात.

औषधवाला
पण तुमच्या ओळीत शॉर्टफॉर्म एकही नव्हता की! सगळे शब्द पूर्ण होते. गायब होते ते कोणी, कोणाला, कधी. पीएसआय बिचारं उगाच मारलं गेलं 😀

नटबोल्ट
हम्म. हे खरंय.

जुना स्टेथो
बरं, हिशोबाचं बोलू. बेड ४ ची नोट तुम्ही कशी लिहाल?

औषधवाला
अंदाजाने लिहितो, तपशील चुकला तर तिने दुरुस्त करावा. "मळमळीमुळे नाष्टा खाल्ला नाही, म्हणून नाष्ट्याआधीचं इन्सुलिन दिलं नाही. मी डॉक्टरांना ७:१० ला फोनवर सांगितलं, दुपारी शुगर बघून ते डोस ठरवणार. लघवीची नळी काढायची का ते मंगळवारी सकाळच्या राऊंडला विचारायचं."

जुना स्टेथो
नऊ शब्दांचे तीस झाले. चौदा पेशंट म्हणजे चारशे वीस शब्द, हाताने मिनिटाला वीस धरले तर एकवीस मिनिटं. तिच्याकडे आहेत पंधरा. आता बोला.

औषधवाला
चौदाही जणांचं असं लिहायचं नाही. ताप, बीपी, लघवीचं माप हे चार्टात आकड्यातच राहू द्या, तिथे रकान्याचं नावच क्रियापदाचं काम करतं म्हणून नुसता आकडा पुरतो. वाक्य हवं ते जिथे काहीतरी ठरायचं बाकी आहे किंवा नेहमीचं काम आपण मुद्दाम केलेलं नाही. असे किती होते त्या रात्री?

रात्रपाळी
चार. फार तर पाच.

बेड ४ चं बरोबर लिहिलंय, फक्त डॉक्टरांना मी फोन केला नव्हता, ते स्वतः राऊंडला आले होते आणि त्यांनीच इन्सुलिन थांबवायला सांगितलं. म्हणजे "डॉ. कळवले" वाचून तुम्ही पण उलटंच समजलात.

औषधवाला
झालं की मग! पाच म्हणजे दीडशे शब्द, सात-आठ मिनिटं. आणि डॉक्टरांचं मी स्वतः त्यावर एवढं बोलूनही एकच अर्थ धरून बसलो, लक्षातही आलं नाही.

जुना स्टेथो
सात-आठ मिनिटं शांत रात्रीची. पहाटे इमर्जन्सी आली की हे सगळं कागदावर राहतं आणि माणूस परत "डॉ. कळवले" लिहितो. मला वाटतं बेडपाशी उभं राहून तोंडी हँडओव्हर द्यावा आणि समोरच्याने तो परत बोलून दाखवावा, वही नंतर.

जुने_खटले
म्हणजे प्रिमरोझने ज्याचे पैसे वाचवले तेच.

रात्रपाळी
तोंडी देतोच आम्ही, पण दुपारी ड्यूटी परत बदलते आणि तोवर माझं बोललेलं दोन तोंडांतून गेलेलं असतं. आज रात्री चार जणांचं वाक्यात लिहून बघते. "उद्या" ऐवजी वार लिहायचा हे मात्र सिस्टरना आत्ताच मेसेज केलं, त्यांचं उत्तर आलं: "ओके, सो. नोटीस लाव."

आता हे "सोबत" की "सोमवारी"?