सहामाही होऊन गेल्यावर निकालाची पद्धत बदलणं योग्य आहे का?

दोन मुलांची आई: मुख्याध्यापकांचं पत्र आलंय. आतापर्यंत प्रत्येक विषयात २० गुणांच्या दोन चाचण्या आणि ८० गुणांच्या सहामाही-वार्षिक परीक्षा, सगळ्यांची बेरीज करून २०० पैकी टक्के काढायचे. आता शंभरात चाचण्यांना १०-१०, सहामाहीला ३० आणि वार्षिकला ५०. याच वर्षीपासून. तुम्हाला पटतं का?

पाटीपेन्सिल: अजिबात नाही. चाचण्या २० वरून थेट १० वर आणल्या! वर्षभर नेटाने अभ्यास करणाऱ्यांनी काय करायचं? शेवटच्या पंधरा दिवसांत घोकंपट्टी करणाऱ्यांची चांदी.

जुनी मास्तरीण: चाचण्यांना धक्का लागलेला नाही हो. २०० पैकी २० म्हणजे शंभरात १० च होते. सहामाही आणि वार्षिक ४०-४० होत्या, त्यातले दहा सहामाहीकडून वार्षिककडे गेले, बस्स.

एका मुलाला चाचण्यांत १८ आणि १६, सहामाहीत ६४, वार्षिकला ४४ आहेत असं धरा. जुना निकाल ७१ टक्के. नवा ९, ८, २४ आणि २७.५ मिळून ६८.५. दुसऱ्याला सहामाहीत ४४ आणि वार्षिकला ६४ असतील, तर त्याचेही जुने ७१ च, पण नवे ७३.५. दोन्ही परीक्षांच्या टक्केवारीत जेवढा फरक, त्याच्या दहाव्या भागाइतका निकाल हलतो. वार्षिकला सगळं वर्षाचं येतं, आणि मागे पडून सावरलेल्या मुलाची मेहनत दिसायलाच हवी. मला बदल पटतो.

पाटीपेन्सिल: चाचण्यांचं चुकलं माझं. पण तुमच्या पहिल्या मुलाचे अडीच टक्के गेले ना? सहामाहीला बसताना त्याला तो पेपर ४० चा म्हणून सांगितला होता. डाव अर्ध्यावर आल्यावर नियम बदलू नयेत. पुढच्या वर्षी करा, माझी हरकत नाही.

रातराणी: आमच्या मुलीचे तापामुळे सहामाहीचे दोन पेपर बुडाले. पूर्वी शाळा बुडालेला पेपर वगळून उरलेल्या १२० वर टक्के काढायची. आता ३० पैकी शून्य धरणार? पत्रात अवाक्षर नाही.

जुनी मास्तरीण: वगळणार असतील तर ७० वर काढायला हवेत. लेखी उत्तर मागा, तोंडी नको. सोबत अपूर्णांकाचंही विचारा. दोन्ही परीक्षांत ४४ असतील तर १६.५ आणि २७.५, बेरीज ४४. पण आधीच पूर्णांक केले तर १७ आणि २८, म्हणजे ४५. एका गुणाने श्रेणी बदलते, असे निकाल मी हाताने लिहिलेत.

दोन मुलांची आई: थोरल्याची सहामाही उत्तम गेली होती, धाकटीची वाईट. एकाच घरात एकाला तोटा, एकीला फायदा. रातराणी, सोमवारी शाळेत जातेय, तुमचा प्रश्नही अर्जात घालते.

पाटीपेन्सिल: "पुढच्या वर्षीपासून" हेही घाला. सही करायला मी येतो.