शब्दचर्चा: 'फॉस्फेट बाइंडर'ला मराठीत काय म्हणायचं?

परळची_लेक
बाबांचं डायलिसिस चालू होऊन दीड वर्ष झालं, आठवड्यातून तीनदा. फाइलवर डॉक्टरांनी 'सीकेडी-एमबीडी' लिहिलंय, म्हणजे किडनीच्या जुनाट आजारातली मिनरल अँड बोन डिसऑर्डर. आईला समजावताना मी सरळ 'हाडांचा आजार' म्हणून मोकळी झाले, आणि कॅल्शियम ॲसिटेटच्या गोळ्यांना 'कॅल्शियमची गोळी'. केमिस्टनेही तेच सांगितलं, कॅल्शियमची आहे, रात्री झोपताना दुधाबरोबर द्या. आई बिचारी चार महिने रोज न चुकता रात्री दहाला दोन गोळ्या आणि कपभर दूध देत होती. फॉस्फरस ७.४ आला, पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन, ८९०, अंगाला खाज इतकी की बाबा रात्री भिंतीला पाठ घासत बसायचे. मग डायलिसिसच्या डाएटिशियनने विचारलं गोळी कधी घेता, आणि सगळा उलगडा झाला: ही गोळी फॉस्फेट बाइंडर, जेवणातलं फॉस्फेट पोटातच धरणारी, जेवणाबरोबरच घ्यायची. म्हणजे चूक शब्दाची होती. आता मला स्वयंपाकघरात डब्यावर चिकटवायला नीट मराठी शब्द हवाय, बाइंडरला आणि आजारालाही.

शब्दवेडा
आजाराला 'खनिज-अस्थी विकार' होईल. बाइंडर म्हणजे 'बंधक' किंवा 'फॉस्फेटरोधक'. पॅराथायरॉइडला परिभाषेत परावटू ग्रंथी म्हणतात.

परळची_लेक
बंधक म्हटलं की आईला ओलीस वाटेल हो, बातम्यांमुळे. आणि खनिज म्हटलं की खाण.

माधवी_काकू
पीटीएच वाढलं म्हणजे थायरॉइडच ना? मला बारा वर्षं आहे. सकाळी उपाशीपोटी गोळी घे म्हणावं बाबांना, तासभर चहा नको, माझं टीएसएच एकदम नॉर्मलला आलं.

मशीनवाला_ठाणे
काकू, नाही हो, ते वेगळं. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या बहुतेक चार ग्रंथी असतात, शेजार आहे म्हणून नावात थायरॉइड, कामाचा काही संबंध नाही. त्यांचं काम रक्तातलं कॅल्शियम सांभाळायचं. तुमची गोळी यांना नको. आणि बाइंडर उपाशीपोटी घेतला तर बांधायला पोटात काही नसतंच.

मी डायलिसिस टेक्निशियन आहे, ही रात्रीच्या गोळीची चूक मी बऱ्याच घरांत बघितलीय. ताई, हिशोब सांगतो, साधारण धरा. माणूस दिवसाला हजारेक मिलिग्रॅम फॉस्फरस खातो, त्यातलं सहाशे अंगात जातं, म्हणजे आठवड्याला ४२००. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये आम्ही ८००-९०० काढतो, तीनदा केलं तरी २७०० धरा. उरले १५००. मशीन चालू झाल्यावर पहिले दीड-दोन तास फॉस्फेट भराभर निघतं, मग मंदावतं, कारण ते हाडांत आणि पेशींत बसलेलं असतं आणि रक्तात हळूहळू येतं. म्हणून नुसत्या मशीनवर भागत नाही. ६६७ मिलिग्रॅमची एक गोळी तीसेक मिलिग्रॅम पकडते, पण ताटातलं अन्न पोटात असतानाच. दिवसाला सहा गोळ्या जेवणात वाटून घेतल्या तर आठवड्याचे बाराशे-साडेबाराशे जातात. रात्री दहाला घेतली तर कॅल्शियम तेवढं रक्तात जातं आणि फॉस्फेट जागच्या जागी. वर दूध, म्हणजे आणखी फॉस्फेट.

काळी_माती
शब्द आपल्याकडे आधीपासून आहे की! नत्र, स्फुरद, पालाश. फॉस्फरस म्हणजे स्फुरद, खताच्या गोणीवर वाचून वाचून पाठ झालेला. मी कृषीचा, आता डोंबिवलीत असतो. चुनखडीच्या जमिनीत तुम्ही कितीही स्फुरद टाका, कॅल्शियम त्याला धरून बसतं, विरघळत नाही, पिकाला मिळतच नाही, आम्ही म्हणतो स्फुरद स्थिर झाला. शेतकरी त्यावर वैतागतो. तुमच्या बाबांच्या पोटात मुद्दाम तेच करायचंय! म्हणून 'स्फुरद धरणारी गोळी'.

मशीनवाला_ठाणे
दादा हे मला आयुष्यात सुचलं नसतं. अगदी हेच होतं. आणि धरलेलं ते शौचावाटे निघून जातं.

गिरणगावकर
पण हाडं ठिसूळ होतात हे तर खरं ना? मग कॅल्शियम दिलं काय वाईट? माझ्या सासूबाईंना सहा महिन्यांतून एक इंजेक्शन देतात हाडांसाठी, तेच का देत नाहीत? आणि सकाळी शिवाजी पार्कला उन्हात बसवा, डी मिळेल.

डॉक्टर_शेजारीण
मी नेफ्रोलॉजीत काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. हाडं कमजोर होतात हे बरोबर आहे, पण कॅल्शियम कमी खाल्लं म्हणून नाही. किडनी दोन कामं करायची थांबलेली असते, फॉस्फेट बाहेर टाकणं आणि डी जीवनसत्त्व तयार करणं. ऊन किंवा ६०,००० युनिटचं पाकीट हे डी कच्चं असतं, त्यावर शेवटचा हात मुख्यतः किडनी फिरवते. तो फिरला नाही की आतड्यातून कॅल्शियम पुरेसं शोषलं जात नाही. म्हणून शिवाजी पार्कच्या उन्हाने एकट्याने काम होणार नाही. तयार डी, कॅल्सिट्रिऑल, गोळीतून द्यावं लागतं, पण ते आतड्यातून फॉस्फेटही जास्त ओढतं, त्यामुळे फॉस्फरस ७.४ असताना आम्ही हात आखडता घेतो.

आता पीटीएच. कॅल्शियम घसरलं की त्या छोट्या ग्रंथी दोन हुकूम सोडतात, एक हाडांना की कॅल्शियम सोडा, एक किडनीला की फॉस्फेट बाहेर फेका. धडधाकट माणसात दोन्ही पाळले जातात. इथे किडनी ऐकतच नाही, हाडं मात्र ऐकतात, आणि हाड झिजतं तेव्हा कॅल्शियमबरोबर फॉस्फेटही सुटतं. ते परत रक्तात, परत पीटीएच वर. लॅबची वरची मर्यादा ६५ असेल तर ८९० म्हणजे जवळपास चौदा पट. डायलिसिसवर आम्ही दोन ते नऊ पटीपर्यंत चालवून घेतो, एका रिपोर्टपेक्षा आकडा कुठे चाललाय ते बघतो.

सासूबाईंचं इंजेक्शन डेनोसुमॅब असेल तर डायलिसिसच्या पेशंटमध्ये त्याने कॅल्शियम धोकादायक खाली जाऊ शकतं, २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या एफडीएने त्यावर ठळक इशारा छापला. नावात 'हाडं' आली म्हणून औषध तेच नसतं. जुना शब्द रीनल ऑस्टिओडिस्ट्रॉफी हाडांपुरताच होता, २००६ मध्ये तज्ज्ञांनी मुद्दाम मोठं नाव घेतलं, कारण रक्तवाहिन्यांतही चुना साठतो.

काळी_माती
म्हणजे तिथेही स्फुरद स्थिर होतो.

डॉक्टर_शेजारीण
थोडंफार. पण तिथे नुसतं रसायन नाही, नळीच्या भिंतीतल्या पेशीच हाडाच्या पेशींसारख्या वागायला लागतात. म्हणून कॅल्शियमवाला बाइंडरही मोजून देतात, काहींना सेव्हेलामर, त्यात कॅल्शियम नसतं. कुठला कोणाला यावर आमच्यातही एकमत नाही.

शब्दवेडा
'चुना' नको मात्र, मुंबईत तंबाखू आठवते. आणि मला 'स्फुरद' अजून खतातलाच वाटतो, रिपोर्टवर तर फॉस्फरसच छापतात, घरात तिसरा शब्द कशाला?

परळची_लेक
आई नाशिककडची, शेतातली, तिला स्फुरद एका झटक्यात कळला. डब्यावर तिनेच लिहिलंय, 'जेवणातली गोळी, स्फुरद धरायची'. दुपारच्या मोठ्या जेवणाला तीन, रात्रीच्या जेवणाला दोन, पाचच्या पोह्यांना एक, पहिल्या दोन घासांनंतर, हे डॉक्टरांकडून वाटून घेतलं. पाच आठवड्यांनी फॉस्फरस ५.७ आलाय, खाज निम्मी. पीटीएच तीन महिन्यांनी करायला सांगितलंय. आजाराला मात्र अजून शब्द मिळाला नाही, 'हाडांचा' खोडलाय आणि पुढची जागा तशीच ठेवलीय.

माधवी_काकू
मग बाबांनी थायरॉइडची टेस्ट केलीय का तरी?